बजेट आणि प्रत्यक्ष यांच्या मधला रकाना

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागांत निर्यातीची द्राक्षं हाताळणारी पॅकहाउसं आहेत. त्यांचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल असा जेमतेम चार महिन्यांचा असतो. अशा पॅकहाउसच्या मॅनेजरसमोर मार्चमध्ये फेब्रुवारीचा बजेट-व्हेरियन्स अहवाल येतो. खर्चाचं बजेट ७५ लाख, प्रत्यक्ष खर्च ६५ लाख ८४ हजार, फरक ९ लाख १६ हजार कमी. मॅनेजर आकडे बघतो, खर्च बजेटच्या आत आहे हे त्याला दिसतं आणि तो कागद बाजूला ठेवून ग्रेडिंगच्या टेबलांकडे वळतो. हिशेबात एका पैशाची चूक नाही, तरीही त्या कागदाने त्याची पूर्ण दिशाभूल केलेली आहे. फेब्रुवारीत त्या पॅकहाउसने प्रत्यक्षात जादा खर्च केलेला आहे आणि ते कळायला अहवालात फक्त एक रकाना कमी आहे. वित्त विभागाबाहेरच्या माणसाला अहवाल पटकन वाचता यावा म्हणून सहसा रंग बदलतात, आलेख घालतात, अक्षर मोठं करतात. माझ्या मते त्याआधी तो रकाना घातला पाहिजे, कारण वाचायला सोपा पण चुकीच्या तुलनेवर उभा असलेला अहवाल वाचायला अवघड असलेल्या अहवालापेक्षा जास्त नुकसान करतो.

हा हिशेब सविस्तर मांडून बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेले आहेत, ते कुठल्याही एका पॅकहाउसचे नाहीत. पाच किलोची एक पेटी, तिच्यात अर्ध्या किलोचे दहा पनेट. फेब्रुवारीत ६०,००० पेट्या भरायच्या असं बजेट करताना धरलं होतं. पेटी, पनेट, लायनर आणि सल्फर डायऑक्साइडचा पॅड मिळून पॅकिंग मटेरियल पेटीमागे ७० रुपये. मजुरी पेटीमागे ३० रुपये, म्हणजे दिवसाला ६०० रुपये हजेरी आणि माणशी २० पेट्या. वीज आणि डिझेलचे ४ लाख रुपये काम असो वा नसो लागणारच, त्यावर पेटीमागे आणखी ५ रुपये. दुरुस्तीचे २ लाख, पगाराचे ६ लाख. एकूण ७५ लाख. पण जानेवारीच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला, बागांची काढणी लांबली आणि फेब्रुवारीत भरल्या गेल्या ४८,००० पेट्या. आता ४८,००० पेट्यांना लागलेला खर्च ६०,००० पेट्यांच्या बजेटशी ताडून बघण्यात काय अर्थ आहे? पेट्याच कमी भरल्या तर पेट्यांचा खर्च कमी होणारच. त्यात कोणाचं कौशल्य नाही आणि त्याला बचत म्हणणंही बरोबर नाही.

म्हणून मूळ बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या मध्ये तिसरा रकाना हवा. झालेल्या ४८,००० पेट्यांना, बजेटात धरलेल्याच दरांनी, किती खर्च यायला हवा होता हे तो सांगतो. अकाउंटंट लोक त्याला फ्लेक्सिबल बजेट म्हणतात. मॅनेजरच्या कागदावर ‘झालेल्या कामाचं बजेट’ एवढं लिहिलं तरी पुरे. पेटीमागे लागणारे खर्च पेट्यांच्या प्रमाणात खाली येतात आणि पगारासारखे बांधलेले खर्च आहेत तिथेच राहतात. लाख रुपयांत तो अहवाल असा दिसतो:

| बाब | मूळ बजेट | झालेल्या कामाचं बजेट | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|---|
| पॅकिंग मटेरियल | ४२.०० | ३३.६० | ३६.०० | २.४० जास्त |
| मजुरी | १८.०० | १४.४० | १५.८४ | १.४४ जास्त |
| दुरुस्ती | २.०० | २.०० | १.१० | ०.९० कमी |
| वीज व डिझेल | ७.०० | ६.४० | ६.९० | ०.५० जास्त |
| पगार | ६.०० | ६.०० | ६.०० | नाही |
| एकूण | ७५.०० | ६२.४० | ६५.८४ | ३.४४ जास्त |

आधीच्या कागदावर ९ लाख १६ हजार ‘वाचले’ होते. तोच महिना, तीच बिलं, पण आता ३ लाख ४४ हजार जादा गेलेले दिसतात. दोन्ही आकडे खरे आहेत. मधले १२ लाख ६० हजार निव्वळ काम कमी झाल्यामुळे कमी झाले, तेवढे बाजूला काढले की उरतं ते पॅकहाउस कसं चाललं याचं मोजमाप. आधीच्या कागदावर एकही ओळ बजेटच्या वर नव्हती. इथे पाचपैकी तीन ओळी वर आहेत आणि जी एक खाली आहे तिच्याबद्दलही पुढे शंका घ्यावी लागणार आहे.

यावर पहिला आक्षेप विक्री सांभाळणारे घेतील, आणि तो रास्त आहे. काम कमी झालं हीच तर मोठी बातमी, आणि तुम्ही बजेट खाली ओढून तीच झाकून टाकताय! झाकली जाऊ नये म्हणून ती खर्चाच्या तक्त्यात न ठेवता त्याच्या वर, स्वतंत्र, आणि पेट्यांत लिहायची: ठरल्या ६०,०००, भरल्या ४८,०००, कमी १२,०००. लगेच पुढे तिची किंमत. पॅकहाउस पेटीमागे १५० रुपये आकारतं असं धरू. पेटीमागे बदलणारा खर्च १०५ रुपये, म्हणजे हाती राहतात ४५. बारा हजार पेट्यांचे झाले ५ लाख ४० हजार. पहिल्या कागदावर खर्च ९ लाख १६ हजारांनी कमी झाल्याचं समाधान होतं, पण न भरलेल्या या पेट्यांमुळे १८ लाखांचं उत्पन्न आलेलं नाही हे त्यावर कुठेच नव्हतं. ही ओळ पैशांआधी पेट्यांत लिहिण्यालाही कारण आहे. मॅनेजर रोज पेट्या मोजतो. वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या मापाने कागद सुरू झाला तर पुढच्या रुपयांवर त्याचा विश्वास बसतो, आणि पेट्यांचा आकडा चुकलेला असेल तर तो पहिल्या ओळीतच पकडतो.

दुसरा आक्षेप अकाउंटंटचा: मजुरी खरंच पेट्यांच्या प्रमाणात हलते का? यात तथ्य आहे. मुकादमाची टोळी हंगामासाठी आणून ठेवली असेल, तर माल आला नाही त्या दिवशीही हजेरी द्यावी लागते. विजेचंही तसंच. तोडलेली द्राक्षं काही तासांत चार अंशांच्या आसपास आणावी लागतात आणि प्री-कूलिंगची खोली अर्धी भरलेली असली तरी कॉम्प्रेसर जवळपास तेवढाच चालतो. तक्त्यातले विजेचे ०.५० लाख बऱ्याच अंशी तिथून आलेले असू शकतात, त्यात मॅनेजरची ढिलाई असेलच असं नाही. तेव्हा कुठला खर्च कामाबरोबर हलतो आणि कुठला हलत नाही हे हंगाम सुरू होण्याआधी, मॅनेजरला समोर बसवून ठरवावं. एकदा ठरल्यावर हंगामभर ते बदलू नये, नाहीतर दर महिन्याला ज्याला जसं सोयीचं तसं बजेट हलेल. आणि ज्या खात्यांत काम आणि खर्च यांचा थेट संबंधच नाही, उदाहरणार्थ ऑफिस किंवा प्रमाणपत्रांची फी, तिथे हा मधला रकाना मूळ बजेटचीच नक्कल करील. तो रिकामा ठेवला तरी काही बिघडत नाही.

मधला रकाना आला की फरकाच्या रकान्यातलं चिन्ह ठीक करायचं. मला हा प्रश्न रंगांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्षातून बजेट वजा केलं की उत्पन्नात अधिक म्हणजे चांगलं आणि खर्चात अधिक म्हणजे वाईट. अकाउंटंटला हे डोळे मिटून कळतं, पण ग्रेडिंगच्या शेडमधून आलेल्या माणसाला प्रत्येक ओळीवर थांबून विचार करावा लागतो. त्यात वजा आकडा कंसात लिहिण्याची हिशेबातली रीत आली की गोंधळ पूर्ण होतो. खर्चाच्या तक्त्यात सरळ ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द लिहावेत. उत्पन्न आणि खर्च एकाच तक्त्यात असतील तर एकच नियम: नफा घटवणाऱ्या प्रत्येक फरकाला वजा. लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये. अनेक पुरुषांना या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही आणि पॅकहाउसच्या प्रिंटरमधून कागद बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्यातच निघतो. आलेख काढायचाच असेल तर रोल्फ हिशर्ट या जर्मन सल्लागाराने रूढ केलेली पद्धत उपयोगी पडते: प्रत्यक्षाचा खांब भरीव, बजेटचा नुसत्या कडांचा, पुढच्या अंदाजाचा तिरप्या रेघांचा. काळ्या छपाईतही तिन्ही वेगळे ओळखू येतात.

आकडे लाखांत, दोन दशांशांपर्यंत लिहावेत. टॅलीतून उतरवलेल्या तक्त्यात ३३,६०,०००.०० असे आकडे एकाखाली एक येतात तेव्हा वाचणाऱ्याची नजर शून्यं मोजण्यात अडकते. ओळींचा क्रमही खात्यांच्या क्रमाने नको, फरकाच्या आकाराने हवा, म्हणून वरच्या तक्त्यात मटेरियल पहिलं आणि पगार शेवटी आहे. लहानसहान खाती ‘इतर’मध्ये गेली पाहिजेत. कुठला फरक स्पष्टीकरणासाठी वर काढायचा हे ठरवायला दोन अटी एकत्र लावाव्यात, उदाहरणार्थ पाच टक्क्यांहून जास्त आणि ५०,००० रुपये किंवा त्याहून मोठा. नुसती टक्केवारी लावली तर चहाचा खर्च दुप्पट झाल्याचं स्पष्टीकरण मागितलं जातं आणि नुसती रक्कम लावली तर मोठ्या खात्यांतली नेहमीची चढउतार दर महिन्याला उगाच वर येते. ही मर्यादा महिना संपण्याआधी ठरलेली हवी, आकडे बघून नव्हे.

आता दुरुस्तीची ओळ. बजेट दोन लाख, खर्च १ लाख १० हजार, तक्त्यात एकटी हीच ‘कमी’ दाखवते. पण कॉम्प्रेसरचं काम झालं आणि ठेकेदाराचं ९०,००० रुपयांचं बिल महिना संपेपर्यंत आलं नाही, एवढाच तिचा अर्थ असेल, तर काहीच वाचलेलं नाही आणि जादा खर्च ३.४४ नसून ४.३४ लाख आहे. अशा न आलेल्या बिलांची तरतूद महिनाअखेरीला धरायची असते. महावितरणचं फेब्रुवारीचं बिलही मार्चमध्ये येतं, तेव्हा मीटरचं रीडिंग घेऊन अंदाजाने रक्कम धरावी लागते. हे टाळलं तर फेब्रुवारी चांगला दिसतो, मार्च वाईट दिसतो आणि दोन्ही महिन्यांत मॅनेजर चुकीच्या गोष्टीवर बोलत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच खात्यात एका महिन्यात ‘कमी’ आणि पुढच्या महिन्यात साधारण तेवढंच ‘जास्त’ असं वारंवार दिसलं, तर खर्चाबद्दल बोलण्याआधी तरतुदी तपासायच्या.

वार्षिक बजेट महिन्यांत वाटण्याचाही याच्याशी संबंध आहे. बाराने भागलेलं बजेट द्राक्षांच्या धंद्यात निरुपयोगी ठरतं: जूनमध्ये भरघोस बचत दिसते आणि फेब्रुवारीत प्रत्येक खातं ओसंडतं. आपल्याकडे ही सवय मोडायला वेळ लागतो, कारण बजेट म्हटलं की सरकारी अंदाजपत्रकाचा तक्ता डोळ्यांसमोर येतो: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. तो तक्ता मंजुरी घेण्यासाठी असतो आणि त्या कामाला तो योग्यही आहे. कोणत्या खात्याला किती खर्च करायचा अधिकार आहे एवढंच त्याला सांगायचं असतं. मॅनेजरच्या मासिक कागदाला मंजुरी नको असते, पुढच्या महिन्याचा निर्णय हवा असतो, म्हणून त्याचे रकाने वेगळे असायला हवेत.

कारणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त कागद वाया जातो. ‘मटेरियलचा खर्च वाढल्याने फरक’ असं लिहिलं जातं. ते आकड्याचंच वाक्य झालं, कारण नाही. मटेरियल पेटीमागे ७० ऐवजी ७५ रुपये पडलं. हे पाच रुपये फोडले तर कळतं की पनेटच्या नव्या दराचे तीन आहेत आणि पुन्हा भरलेल्या पेट्यांचे दोन. पावसाने तडकलेले मणी काढायला पनेट उघडले, काही फाटले, पॅड वाया गेले. म्हणजे १ लाख ४४ हजार दराचे, ९६ हजार नासाडीचे. दराचं बोलणं पर्चेसशी करायचं, नासाडीचं ग्रेडिंगच्या सुपरवायझरशी. मजुरीत माणशी २० पेट्यांऐवजी साधारण १८ निघाल्या, तेही त्याच तडकलेल्या मण्यांमुळे. ग्रेडिंगच्या टेबलावर खराब मणी अधिक काळजीने काढले, तर मजुरी थोडी आणखी वाढेल आणि पुन्हा भरण्याची नासाडी बरीच घटेल. हा निर्णय मॅनेजरच घेऊ शकतो, अकाउंटंट नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या फरकापुढे तीनच गोष्टी हव्यात: किती नगावर किती रुपये, हे एकदाच घडलं की चालू राहणार, आणि कोण काय करणार.

‘चालू राहणार का’ हा प्रश्न पुढच्या महिन्यांकडे नेतो. मार्चचं बजेट ८०,००० पेट्यांचं, एप्रिलचं ३०,००० असं धरू. फेब्रुवारीत न आलेल्या १२,००० पेट्या मार्चमध्ये आल्या तर मार्चचं काम ९२,००० होतं. प्री-कूलिंगची ताकद दिवसाला ३,२०० पेट्यांची, २७ दिवसांत ८६,४००. म्हणजे ५,६०० पेट्यांना जागाच नाही. पाच लाख चाळीस हजारांच्या ज्या तुटीची फेब्रुवारीत चिंता होती, तिच्यातला मोठा भाग मार्चमध्ये आपोआप भरून येईल आणि खरा धोका या ५,६०० पेट्यांचा, म्हणजे सुमारे अडीच लाखांचा आहे. तो टाळायचा तर शेजारच्या पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंग भाड्याने मिळतं का हे आत्ताच विचारावं लागेल. दुसरीकडे, पेटीमागचे तीन रुपये तक्त्यात किरकोळ वाटतात, पण पनेटचा नवा दर तसाच राहिला तर मार्चच्या ८६,४०० आणि एप्रिलच्या ३०,००० पेट्यांवर ते जवळजवळ साडेतीन लाख होतात. म्हणून शेवटचा रकाना हंगामअखेरच्या अंदाजाचा असावा. तोच नसेल तर मोठी पण तात्पुरती तूट सगळं लक्ष खेचून घेते आणि लहान पण टिकणारी वाढ तशीच सुटून जाते.

उरतो वेळेचा प्रश्न. टीडीएस ७ तारखेला भरायचा, जीएसटीआर-१ ११ तारखेला, ३बी २० तारखेला. लहान कंपनीतला हिशेबनीस ही कामं उरकून अहवालाला बसतो आणि फेब्रुवारीचा कागद मार्चच्या २२ तारखेला येतो. तोवर मार्चच्या ९२,००० पेट्यांपैकी बहुतेक भरून झालेल्या असतात आणि शेजारची प्री-कूलिंगची खोली दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते. काही बिलं अंदाजाने धरून पाच तारखेला दिलेला अहवाल हा बावीस तारखेच्या अचूक अहवालापेक्षा चांगला, असं माझं ठाम मत आहे. अकाउंटंटची भीती अशी की अंदाज चुकला तर विश्वास जाईल. ती भीती रास्त आहे, म्हणून अंदाजाने धरलेल्या रकमांवर खूण असावी आणि पुढच्या महिन्यात त्या रकमा प्रत्यक्षात किती निघाल्या हे खाली एका ओळीत द्यावं. कॉम्प्रेसरचे ९०,००० धरले होते, बिल ९४,००० चं आलं, असं उघड लिहिलेलं दिसलं की मॅनेजर त्या खुणेकडे अडचण म्हणून न बघता माहिती म्हणून बघू लागतो. मग ठेकेदाराचं बिल यायला उशीर होणार आहे हे तो स्वतःहून हिशेबनिसाला महिना संपण्याआधी कळवतो.